बिलावर कुणाचं नाव

कोपरीच्या मनुबाईला आरतीची कडवी चुकतील, पण धंद्याचा जीएसटी नंबर चुकायचा नाही. जवळ्याच्या चटणीची पाकिटं डोंबिवलीच्या दुकानांत जायची, त्या प्रत्येक बिलावर पाच वर्षं तिने तो स्वतः लिहिला होता. पंधरा अक्षरं, झोपेतून उठवून विचारा.

चार महिन्यांपूर्वी नवरा, धाकू, गेला. तेव्हापासून बिलं मुलगी शकू काढत होती. आता एका मोठ्या दुकानाने लेबलात चुका आहेत म्हणून पाकिटं परत पाठवली होती. ठाण्यात लेबलावर एक दिवसाचं वर्कशॉप होतं. फी भरून नाव नोंदवायचं, जागा एकच उरलेली. ती हुकली तर ते गिऱ्हाईक गेलंच म्हणायचं.

शकूच्या बोटाला चटणीसाठी लसूण चिरताना सुरी लागली होती, म्हणून मोबाईल आईच्या हातात होता.

"आई, बिल फर्मच्या नावाने पाहिजे, तर कर परत मिळेल. खाली नंबर टाक."

मनुबाईने नंबर टाकला. एकदाही न अडखळता. स्क्रीनवर नाव आपोआप उमटलं : धाकू रामा कोळी. आणि शेजारी, नोंदणी रद्द.

मनुबाईचा अंगठा तिथेच राहिला.

"अगं, तो बाबांचा नंबर," शकू हळूच म्हणाली. "धंदा त्यांच्या पॅनवर होता ना. ते गेल्यावर तो बंद केला. तुझ्या पॅनवर नवीन घेतलाय, सहीसुद्धा केलीस तू."

सही केली होती खरी. पण त्या दिवसांत मनुबाईने दहा कागदांवर सह्या केल्या होत्या, आणि एकही डोळ्यांनी वाचला नव्हता. माणूस गेला हे तिला बाराव्याला कळलं नव्हतं, ते या दोन शब्दांनी कळलं. ती रडली. शकूने घाई केली नाही, जागा जाते तर जाऊ दे म्हणून आईच्या पाठीवर हात ठेवून बसली.

मग मनुबाईनेच डोळे पुसले. "आण तो नवा कागद. मना बघून लिहावं लागेल."

एकेक अक्षर बोट ठेवून लिहिलं. दोनदा चुकलं, दोनदा पुसलं. नाव उमटलं : मनुबाई धाकू कोळी. ती त्याकडे पाहत राहिली. आपलं नाव इतकं मोठं आहे, हे तिला ठाऊकच नव्हतं.

जागा अजून शिल्लक होती. पुढचा रकाना : वर्कशॉपला कोण येणार?

"माझं टाक," शकू म्हणाली. ठरलंच होतं तसं. आई सातवी शिकलेली, तिला कुठे लेबलातलं कळायचं.

"तुझं कशाला? बिल माझ्या नावाने, चटणी माझ्या हातची. शिकायला मीच जाणार. नाही समजलं तर विचारीन चार वेळा."

आणि तिने आपलं नाव टाकलं. या वेळी कागदात बघावं लागलं नाही.