पंप ओरडला की हात सोडायचा

मला लोक रागीट म्हणतात. म्हणू देत. दिवसभर गळक्या पंपांशी ज्याला डोकं लावावं लागतं, त्याचा आवाज चढणारच. नागापूरच्या एमआयडीसीत माझं गॅरेज आहे आणि तिथं एकच काम होतं, पॉवर स्टेअरिंगचं. इंजिनाच्या पट्ट्यावर एक पंप फिरतो, तो तेल दाबतो आणि त्या दाबाच्या जोरावर ड्रायव्हरच्या हाताला चाकं वळवायला मदत होते. एवढ्या एका वाक्यावर मी घर बांधलंय.

येणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरला मी एक धडा फुकट देतो. स्टेअरिंग पार शेवटाला नेलंत की पंप ओरडतो, बारीक शिट्टीसारखा. जास्तीचा दाब सोडणारी झडप उघडल्याची ती खूण. पंप ओरडला की हात ढिला सोडायचा. तसाच दाबून धरलात तर तेल तापणार, पंप जाणार आणि मग तोंड पाडून माझ्याच दारात येणार. निम्म्या लोकांच्या हे एका कानातून शिरून दुसऱ्या कानातून जातं. भीमराजच्या मात्र ते हाडात मुरलं होतं.

भीमराज माझा जुना दोस्त, इथल्याच एका कंपनीचा ट्रेलर चालवायचा. एवढी लांबलचक गाडी तो फाटकातून अशी काढायचा की वॉचमन खुर्चीवरून उठायचासुद्धा नाही. मग एकदा माल बांधताना तो वरून पडला आणि उजवा खांदा मोडला. हाड जुळलं, पण हात खांद्याच्या वर जाईना आणि त्यात जोर राहिला नाही. ट्रेलर सुटला. घरी बसून तो असा काही गप्प झाला की त्याची बायको भारती माझ्या गॅरेजात येऊन रडली. मला रडणं बघवत नाही, मी तिच्यावरच खेकसलो. पण दुसऱ्या दिवशी राहात्याला गेलो.

राहात्याला डॉक्टर अश्विनीबाईंचा दवाखाना आहे. त्यांच्या सासऱ्यांच्या ट्रॅक्टरचं स्टेअरिंग मी सांभाळतो, त्यामुळे घरोबा. बाईंना खेड्यापाड्यांत पेशंट बघायला जाण्यासाठी ड्रायव्हर हवा होता. मी म्हटलं, माणूस मी देतो, लाखात एक. बाईंनी ठेवला त्याला. पण त्यांची गाडी ती छोटी, साध्या स्टेअरिंगची. रस्त्यावर ठीक, दवाखान्याच्या अंगणात मात्र जागच्या जागी चाकं वळवताना भीमराजचा खांदा रात्रभर ठणकायचा.

तेव्हा मी शहाणपणा केला. भंगारात निघालेल्या एका परदेशी गाडीचा पंप आणि सगळं सामान काढून त्या छोट्या गाडीत बसवलं. गाडीनं माझी अब्रू काढली. इंजिन मुळात नखाएवढं. जागेवर स्टेअरिंग शेवटाला नेलं की पंप इतका जोर मागायचा की इंजिन गचके खाऊन बंद पडायचं. रेस वाढवून ठेवली तर गाडी उगाच किंचाळत पेट्रोल पिणार. शिवाय सरळ रस्त्यावर, जिथं कुणाला मदत नको, तिथंही पंप फिरतच राहणार. बाईंनी चार दिवस सोसलं आणि मग गोड बोलून सगळं काढायला लावलं.

आणि नेमके त्याच उन्हाळ्यात, म्हणजे शहाण्णव साली, बाईंचे धाकटे दीर जपानातली नोकरी संपवून परत आले. सोबत तिथली एक चिमुकली गाडी. ते पुण्याला नोकरीवर रुजू झाले आणि गाडी वहिनींकडे ठेवून गेले. भीमराजनं मला फोन केला. "मच्छिंदर, लई हलकं स्टेअरिंग हाय रे! एका बोटानं फिरतंय. पन पंपच न्हाई. पट्टा न्हाई, तेल न्हाई. करंटवर चालतंय म्हणं."

"करंटवर?" मी म्हणालो. "मग मिक्सरवरबी चालव."

खरं सांगतो. भीमराजचं भलं झालं याचा आनंद होता, पण माझ्या पंपाविना झालं हे झोंबलं.

आणि मग पावसाळा सरता सरता त्याचा दुसरा फोन आला. आवाज पार बसलेला. "हात गेला माझा. अंगणात गाडी लावताना स्टेअरिंग दगडावानी व्हतंय. परवा एका म्हाताऱ्या पेशंटच्या सायकलीला धक्का लागला. बाई म्हणल्या, एक तारखेपासून दुसरा माणूस बघते, तू खिडकीत बसून केसपेपर देत जा. बाई वाईट न्हाईत. पन मी खिडकीत बसू व्हय रे?"

मी विचारलं, गाडी दाखवली का कुठं? दाखवली होती. स्वतः भीमराजच ती पुण्याच्या मोठ्या गॅरेजात घेऊन गेला होता. तिथं स्टेअरिंग लोण्यासारखं फिरलं. बिघाडाचा दिवा लागलेला नाही, कुठं काही नाही. गाडी उत्तम आहे, ड्रायव्हरची तब्येत बघा, असं सांगून त्यांनी परत पाठवलं. गाडीसोबतचं पुस्तक होतं, पण ते सगळं जपानीत. राहात्यात ते वाचणार कोण?

मी मनमाड रस्त्याची पहिली एसटी धरली. वाटेत मनाशी पक्कं केलं होतं, दोष त्या करंटच्या खेळण्याचाच निघणार आणि तो मी चारचौघांत दाखवणार.

दवाखान्याचं अंगण म्हणजे एका बाजूला विहिरीचा कठडा, दुसरीकडे औषधाच्या दुकानाच्या पायऱ्या आणि मध्ये पेशंटच्या मोटारसायकली. गाडी वळवायची तर मागेपुढे, मागेपुढे करत बसावं लागतं. ऑक्टोबरचं ऊन रणरणत होतं. मी शेजारी बसलो आणि भीमराजला म्हटलं, रोज करतोस तसं कर.

त्यानं सुरुवात केली. डाव्या हातानं स्टेअरिंग शेवटापर्यंत, दाबून, गाडी मागं. मग उलट्या बाजूला शेवटापर्यंत, दाबून, गाडी पुढं. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. मीही असंच केलं असतं. पण होता होता त्याच्या कपाळावर घाम आला, मानेच्या शिरा तटतटल्या. "बघ, आला हात भरून," तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते मला दिसू नये म्हणून तो आरशात बघत होता.

"उतर खाली," मी ओरडलो. "मी बघतो."

मी बसलो. स्टेअरिंगला हात घातला आणि हललंच नाही म्हणा ना. माझे दोन्ही हात धडधाकट आहेत, ट्रकच्या स्टेअरिंगच्या पेट्या मी एकटा उचलतो. मी जोर केला, बूड सीटवरून उठलं, तेव्हा कुठं ते इंच-इंच फिरलं. दारात डॉक्टरबाई उभ्या होत्या, दवाखान्यातल्या कडूबाई हातातली बादली ठेवून बघत होत्या.

"बाई," मी म्हणालो, "आता माझाबी हात गेला का? मलाबी द्या खिडकीत जागा."

भीमराजनं माझ्या हातांकडं बघितलं, मग आपल्या खांद्याकडं. महिनाभर तो आपल्या खांद्याला शिव्या देत होता.

मी डॅशबोर्डखाली डोकं घातलं. स्टेअरिंगच्या दांड्यालाच एक लहान मोटर बसवलेली. तिला हात लावला आणि झटक्यात मागं घेतला, इतकी ती तापलेली. मी किल्ली बंद केली. काय करावं ते सुचेना, म्हणून चहा मागितला. कडूबाईंनी चहा आणला, मग निवांत पान झालं, बाई दोन पेशंट बघून आल्या. मोटर निवली होती. किल्ली फिरवली आणि स्टेअरिंग एका बोटानं फिरलं.

आता मी मुद्दाम भीमराजसारखंच सुरू केलं. शेवटाला नेलं, दाबून धरलं, कान टवकारला. आणि तसाच थांबलो. मी कशाची वाट बघतोय? पंपाच्या ओरडण्याची! इथं पंपच नाही, तर ओरडणार कोण? शेवट आला हे हाताला कधीच कळलं होतं, पण कानाला कळलं नव्हतं, म्हणून हात दाबतच राहिला होता. आणि आम्ही दाबतोय तोवर ती बिचारी मोटर, चाकाला पुढं वळायला जागा नसताना, जीव खाऊन ढकलत होती. पंप ओरडला की हात सोडायचा, हे भीमराजला शिकवणारा कोण? मीच.

बाईंना मी माझ्या भाषेत सांगितलं. स्टेअरिंगच्या दांड्यात एक बारीक सळई असते. आपण फिरवलं की ती किंचित पिळली जाते. आमच्या जुन्या पद्धतीत त्या पिळानं तेलाची वाट उघडते. इथं तोच पीळ एक यंत्र मोजतं, त्यावरून एक पेटी ठरवते की मोटरला किती करंट द्यायचा. आणि मोटर तापली की...

"पेटी करंट कमी करते," बाईच म्हणाल्या. "जळू नये म्हणून. म्हणजे हा बिघाड नाहीच, ताप आलेल्याला दिलेली सुट्टी आहे. म्हणून दिवा लागत नाही."

"आन् पुन्याला जाईस्तवर?" भीमराजनं विचारलं.

"पावसाळ्यात गारव्यानं निभावलं, उघडीप झाली तशी ती अंगणात तापायला लागली. पण सरळ रस्त्यावर मोटरला कामच नाही. वाऱ्यावर गार होत गेली असणार," मी म्हणालो. "आमचा पंप बसलाच नसता गप."

हे म्हणताना मला वाईट वाटलं, लपवत नाही. सळई तीच होती. माझ्या हातातून अशा किती सळया गेल्या असतील. पण पंप, पट्टा, नळ्या, तेल, ज्याच्यावर माझं पोट, ते सगळं त्या मुठीएवढ्या मोटरनं गिळलं होतं. ट्रक-ट्रॅक्टर राहतील माझ्याकडं. लहान गाड्या काही माझ्या दारात यायच्या नाहीत.

मग भीमराज बसला. शेवटाला टेकलं की बोटभर मागं, असं मी बाहेरून ओरडून सांगत होतो. तो मागेपुढे करत राहिला, पोटभर करत राहिला. स्टेअरिंग हलकंच राहिलं. मध्येच विसरायचा, दाबून धरायचा आणि मी दुकानाच्या पायरीवरून शिवी हासडायचो.

"काय करू गड्या," तो वैतागला. "शिट्टी झाल्याबिगर ह्यो हात सुटतच न्हाई."

बाई आत जायला निघाल्या होत्या. दारातून वळून म्हणाल्या, "भीमराज, उद्या सकाळी लोणीला जायचंय. गाडी पुसून ठेव." भीमराजनं दोन्ही हात जोडायला कपाळाकडं नेले. उजवा हात अर्ध्यापर्यंतच आला, पण आला.

दिवाळीनंतर सासऱ्यांच्या ट्रॅक्टरच्या निमित्तानं मी पुन्हा राहात्याला गेलो. फाटकाशी पोचलो तर आतून बारीक शिट्टी ऐकू आली. थांबली. पुन्हा आली. मी चमकलो. हा आवाज मी झोपेतही ओळखेन, शेवटाला गेलेल्या पंपाचा. पण त्या गाडीत तर पंप नव्हता.

डोकावलो तर भीमराज गाडी वळवत होता. स्टेअरिंग शेवटाला टेकलं की ओठांचा चंबू करून तोच शिट्टी मारायचा आणि हात ढिला सोडायचा. कडूबाई ओट्यावरून ओरडत होत्या, "आरं, पेशंट बायका हायेत, शिट्ट्या काय मारतूस मेल्या!" मागच्या सीटवर डॉक्टरबाई पदरानं हसू दाबत होत्या.

गाडी पुरती वळेपर्यंत मी फाटकातच उभा राहिलो.