एकही टोमणा नसलेला मेसेज

मेसेज वाचून सोमेश्वरचं डोकं फिरलं. वेगळ्या राहणाऱ्या बायकोनं, पुनमनं, लिहिलं होतं :

"शनिवारी चारला दोन्ही लेकरं जवळा बाजारच्या बसस्टँडवर आणते. रविवारी अकराला प्रतिक्षाची स्कॉलरशिपची परीक्षा हिंगोलीत आहे, साडेदहाला पोचवा. हॉलतिकीट निळ्या दप्तरात आहे. शिवला जेवणानंतर खोकल्याचं औषध द्या. संध्याकाळी पाचला स्टँडवरच परत आणा. जमत नसेल तर परीक्षेला मी नेईन, तुम्ही पुढचा शनिवार घ्या. फक्त गुरुवारपर्यंत कळवा."

त्यानं तो तीनदा वाचला. एकही टोमणा सापडेना.

"बघ माय, काय लिहिलंय!" त्यानं आईला, पद्माबाईला, सगळं वाचून दाखवलं.

"मंग? बराबर तर हाय."

"बराबर? मागल्या शनिवारी हरभऱ्याच्या मळणीत मी इसरलो. लेकरं सहापर्यंत स्टँडवर बसली. त्याचा एक शबुद न्हाई याच्यात! मुद्दाम लिहिलं न्हाई तिनं!"

"लिहिलं असतं तर?"

"तर भांडलो असतो की!"

"तिनं न्हाई लिहिलं, तर तू लिही," म्हणत पद्माबाई चुलीकडं वळली.

सोमेश्वरनं रागारागानं लांबलचक उत्तर टाइप केलं, सगळं पुसलं आणि तितक्याच रागानं दुसरं पाठवलं :

"मागच्या वेळी चूक माझी होती. शनिवारी साडेतीनलाच येऊन थांबतो. परीक्षेला मी नेतो."

पुनमचं उत्तर लगेच आलं : "ठीक. औषध विसरू नका."

"बघ!" तो पुन्हा भडकला. "आताबी भांडत न्हाई!"