दत्तप्रसादाचं ‘सगळं धरून’

सुगंधाच्या घरी पाहुण्यांसाठी दारात एक काळा फळा टांगलेला असे. त्यावर रोज सकाळी ती खडूने लिहायची: आज सुरमई, आज बांगडा, आज कोळंबी. गणपती गेले आणि त्या फळ्यावरचे मासे अचानक गायब झाले. त्यांच्या जागी तीन रकाने आले. पुण्याहून आलेल्या एका पाहुण्याने ते बराच वेळ वाचलं आणि अगदी गंभीरपणे विचारलं, “ताई, हा ‘टेस्ट गाडी सातशे’ कुठला मासा? काटे फार असतात का?”

“आसतत तर! घशात अडाकतत,” सुगंधा म्हणाली.

काटे खरंच होते. तिचा नवरा गुरुदास बोटीवर नोकरीला, वर्षातले आठ महिने समुद्रात. त्याने घेतलेली गाडी अंगणात उभी, आणि ती चालवणार धाकटा दीर बाळा. तारकर्लीच्या अलीकडच्या त्या वाडीत सुगंधाच्या चार खोल्या आणि रस्त्याच्या तोंडावर बाळाच्या तीन. सुगंधाचे पाहुणे कुडाळ स्टेशनवर उतरायचे, बाळा त्यांना आणायला जायचा. गाडी सुगंधाची, पेट्रोल सुगंधाचं, आणि वाटेत बाळाच्या फाटकाशी गाडी हटकून थांबायची. “जरा पाणी पिऊन जावया,” म्हणायचा बाळा. पाणी पिता पिता तो खोल्या दाखवायचा, सोलकढी पाजायचा, आणि निम्मे पाहुणे तिथेच चपला काढायचे. वर संध्याकाळी येऊन हा शहाणा सांगणार, “वयनी, त्यांका तुझ्याकडे डास वाटले.” न बघताच डास वाटले! सुगंधाच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. पण स्टेशनवर जायला दुसरं कोण होतं?

म्हणून तिने ठरवलं होतं, दिवाळीचा सीझन सुरू व्हायच्या आत लायसन काढायचं. ते निघालं नाही तर हाही सीझन बाळाच्या फाटकातच अडकणार, हे तिला स्वच्छ दिसत होतं.

पहिली गेली ती मालवणात दत्तप्रसादाच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये. दत्तप्रसाद गोड माणूस. त्याच्या बोलण्यात एवढी साखर की चहात वेगळी घालायला नको.

“वयनी, चार हजार. सगळा धरून.”

दुसरी कोणी खूश होऊन उठली असती, सुगंधा तिथेच बसून राहिली. माशाच्या बाजारात वीस वर्षं घासाघीस केलेली बाई ती. ‘सगळं धरून’ म्हणणारी कोळीण टोपलीत खाली काय ठेवते, हे तिला पक्कं माहीत होतं.

“सगळा म्हणजे किती दिवस?”

“पंधरा.”

“रोज किती वेळ?”

“अर्धो तास.”

“गाडी खंयची?”

दत्तप्रसादाने दारातल्या जुन्या आठशे सीसीच्या गाडीकडे बोट केलं. तिचा गिअर टाकायला दोन हात लागत. पलीकडे उभ्या नव्या पांढऱ्या गाडीवर शिकायचं तर हजार जास्त. परीक्षेच्या दिवशी ओरोसला आरटीओत गाडी न्यायची तर तिचे सातशे वेगळे; घरची न्यायची तर शेजारी लायसनवाला बाळाच हवा. लर्निंग, पक्कं लायसन, डॉक्टरचा दाखला, या सगळ्या कागदपत्रांचे मिळून पंधराशे.

“डॉक्टरचो दाखलो कित्या? माका काय झाला?”

“चाळिशी झाली की लागता गो. सरकारी नियम.”

“आणि त्या पंधराशेत सरकारची फी किती?”

दत्तप्रसाद खिडकीबाहेर बघू लागला. म्हणाला, “तसा सुटा सुटा सांगूक येवचा नाय.”

सुटं सांगता आलं ते गावातल्या सेतू केंद्रातल्या नम्रताला. लर्निंग आणि पक्कं, दोन्ही मिळून सरकारी फी हजाराच्या आसपास, आणि दर वेळी पावती मिळते. लर्निंगची परीक्षा तर आधार कार्डावर घरी बसूनही देता येते. सुगंधाने ती नम्रताच्याच खुर्चीत बसून दिली, खुणांची चित्रं ओळखली आणि पास झाली. आता तीस दिवसांनी पक्क्या परीक्षेला बसता येणार होतं. लर्निंग सहा महिने चालतं, पण सहा महिने होते कुणाकडे? बाळाचा सीझन थांबणार होता थोडाच!

दुसरा रकाना महंमदचा. बंदराजवळ त्याची एकच गाडी, पण नवी. साडेसहा हजार, वीस दिवस, परीक्षेच्या दिवशीची गाडी त्यातच. सरकारी फी तुमची तुम्ही भरा, फॉर्म भरून द्यायचे पाचशे. महंमदचा आकडा ऐकायला मोठा होता. पण फळ्यावर बेरीज मांडली तेव्हा सुगंधाला हसू आलं. दत्तप्रसादाचे चार हजार नवी गाडी, टेस्टची गाडी आणि कागद धरून सात हजार दोनशे झाले, आणि तेही पंधराच दिवसांचे. वरचे पाच दिवस रोजच्या तीनशे रुपयांनी घेतले तर आठ हजार सातशे. महंमदचे सगळे मिळून आठ हजार. स्वस्त तो महाग निघाला होता.

तिसरा रकाना कुडाळचा. पाच हजारांत सव्वीस दिवस, ऐकून तोंडाला पाणी सुटावं. पण रोज एसटीने कुडाळला जाऊन यायचं म्हणजे अर्ध्या तासाच्या शिकवणीसाठी अर्धा दिवस घालवायचा. पाहुण्यांना चहा कोण देणार, बाळा? तो रकाना तिने पदराने पुसून टाकला.

“महंमदभाय, उद्यापासून येतंय,” तिने फोन केला.

“दिवाळीपर्यंत सकाळ-सांज सगळा भरला, बाय,” महंमद म्हणाला. “एकच गाडी. तुका खोटा कित्या सांगू?”

झालं. खरा माणूस मोकळा नव्हता, आणि मोकळा होता तो दत्तप्रसाद. सुगंधाला रडू आलं. थोडंसं रडून तिने डोळे पुसले आणि परत मालवण गाठलं.

“दत्तप्रसादा, महंमदच्या भावात दी. साडेसहा. वीस दिवस, पांढरी गाडी, टेस्टची गाडी त्यातच. सरकारी फी पावती बघून देतंय. डॉक्टरकडे माझी मी जातंय.”

“बघूया. होतला,” दत्तप्रसाद गोड हसत म्हणाला. “तू पैसे भर, आपण घरचीच माणसा.”

‘बघूया, होतला’ म्हणजे होणार नाही, हे आपल्याकडच्या पोरालाही कळतं. सुगंधाने पैसे भरले नाहीत. ती म्हणाली, “भरतंय. पण पयल्या दिवशी गाडी आमच्या वाडीत आण. देवाक नारळ ठेवून गाऱ्हाणा घालूया, मगे देवासमोरच पैसे घी.” दत्तप्रसाद खूश झाला. नारळाला कोण नाही म्हणणार?

गाऱ्हाणं घालायचं ते भाईंनी. भाई म्हणजे सुगंधाचे चुलत सासरे, वय पंचाहत्तर, आवाज देवळाच्या घंटेसारखा. गावात कुणाची होडी पाण्यात जायची असो की कुणाचं पोर परीक्षेला, भाई देवासमोर उभे राहून सगळं सांगणार आणि जमलेल्यांनी दर वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. सुगंधा आदल्या दुपारी त्यांच्याकडे गेली, सगळी कलमं त्यांना पढवली आणि बदल्यात सुरमईच्या तिखल्याचं, म्हणजे झणझणीत कालवणाचं, जेवण कबूल केलं.

“एकदा न्हय, दोनदा,” भाई म्हणाले. “कलमा जास्त आसत.”

सकाळी रवळनाथाच्या देवळासमोर दत्तप्रसाद ती जुनी आठशेच घेऊन आला. त्याला वाटलं होतं, कुणी काही म्हणणार नाही. सुगंधाने नारळ भाईंच्या हातात दिला. बाळाही आला होता, वहिनी कशी गाडी बंद पाडते ते बघायला. भाईंनी नारळ ठेवला, हात जोडले आणि सुरुवात केली.

“बा देवा रवळनाथा, सगळ्या वाडीच्या राखणदारा म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” सगळे म्हणाले.

“आज तुझा लेकरू सुगंधा गाडी शिकूक निघाला, तेका सांभाळून घी म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“हो दत्तप्रसाद तेका वीस दिवस शिकवतलो म्हाराजा!”

“व्हय म्हा...” दत्तप्रसादाची जीभ निम्म्यावर अडखळली. पण जन्मल्यापासून हेच म्हणत आलेली जीभ ती. “...राजा!” ती म्हणालीच.

“ह्या म्हातारपण इलेल्या गाडीर न्हय, पांढऱ्या गाडीर शिकवतलो म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” बाळा सगळ्यांत मोठ्याने ओरडला. त्याला मजा येत होती.

“टेस्टच्या दिवशी तीच गाडी ओरोसाक नेतलो, तेचे येगळे पैसे मागूचो नाय! सरकारची फी पावतीर जितकी आसा तितकीच घेतलो! बाकी सगळ्याचे मिळान साडेसहा हजार, वर सुपारीएवढाय कायएक घेवचो नाय म्हाराजा!”

दत्तप्रसादाने देवाकडे पाहिलं, मग भाईंकडे. कपाळाचा घाम पुसला. वाडीतली दहा माणसं त्याच्या तोंडाकडे बघत होती.

“व्हय म्हाराजा,” तो बारीक आवाजात म्हणाला.

सुगंधाने हसू दाबत पैसे पुढे केले. पण भाई थांबले नव्हते. एवढं तर तिने पढवलं होतं, पुढचं मात्र तिच्यासाठीही नवीन होतं.

“आणि ही पास झाली काय हिचे पावणे ही स्वतः स्टेशनार जावन आणतली! मधी कोणी हात घालूचो नाय, वाटेत पाणी पाजूचा नाय म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” बाळा तालात होता. तोंड मिटल्यावर आपण काय बोललो ते त्याला कळलं. तो मान खाली घालून चपलेने माती उकरू लागला.

“आणि कुडाळच्या दर बाजाराक ही ह्या म्हाताऱ्याक गाडीत पुढे बसवून न्हेतली म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” सुगंधा आनंदाच्या भरात म्हणून गेली. भाई नारळ फोडायला वाकले तेव्हा त्यांचे खांदे हसण्याने हलत होते.

दुसऱ्या दिवसापासून पांढरी गाडी आली. देवासमोरचा शब्द मोडायची हिंमत दत्तप्रसादात नव्हती, आणि खरं सांगायचं तर त्याने शिकवलंही छान. तो पायाशी असलेला दुसरा ब्रेक दाबायचा आणि गोड आवाजात म्हणायचा, “वयनी, ती म्हस आसा, ती आपल्याक हॉर्न देवची नाय.” महिन्याने ओरोसला सुगंधाने गाडी पुढे नेली, मागे घेतली, वळवली, आणि पास होऊन आली. दत्तप्रसादाच्या स्कूलमध्ये तोवर नवीन पाटी लागली होती. दिवस, गाडी, टेस्ट, कागद, सगळं सुटं सुटं लिहिलेलं. वाडीतल्या आणखी दोन बायका नारळ घेऊन चौकशीला गेल्या होत्या म्हणे.

दिवाळीच्या आधीच्या बुधवारी कुडाळ स्टेशनवर सुगंधाने आपले पाहुणे उतरवून घेतले. बुधवार म्हणजे बाजाराचा दिवस. पुढच्या सीटवर भाई, त्यांच्या पायाशी सुक्या सुंगटांची, म्हणजे सुक्या कोळंबीची, पिशवी, आणि मागे पाहुणे नाकाला रुमाल लावून. वाटभर भाई रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याचा इतिहास सांगत होते. तिला त्यांचा वैताग आला होता, पण त्याहून जास्त सुख वाटत होतं.

वाडीच्या तोंडाशी बाळाचं फाटक आलं. बाळा पाण्याचा तांब्या घेऊन उभा होता, सवयीने की आशेने कोण जाणे. सुगंधाने गिअर बदलला, त्याच्याकडे बघून दोनदा हॉर्न वाजवला आणि गाडी न थांबवता पुढे काढली.

“व्हय म्हाराजा!” भाई ओरडले. पाहुण्यांना काही कळलं नाही, तरी तेही म्हणाले.