आठवड्याला तीनच मेसेज

सकाळपासून सूनबाईचा अंगठा काही फोनवरून हटत नव्हता. चारशे बारा. पुन्हा पाहिलं, चारशे चार. एका बाईंना अस्तर मोजून दिलं, कात्री खाली ठेवली आणि पाहिलं तर तीनशे शहाण्णव. जिवाची नुसती घालमेल. माणसं चॅनेल सोडून चालली होती, आणि का चालली होती हे तिला पक्कं ठाऊक होतं.

दुकान कटपिसांचं. गिरण्यांतून ताक्यांचे उरलेले तुकडे गठ्ठ्यांनी यायचे, मंगळवारी आणि शुक्रवारी. चांगला तुकडा गेला तर दोन तासांत जातो, नाहीतर महिनोन्महिने धूळ खात पडतो. गिऱ्हाइकाला वेळेवर कळलं तरच धंदा. त्यासाठी आधी एक व्हॉट्सॅप ग्रुप होता, आणि तो ग्रुप म्हणजे एक भानगडच होती. सकाळी सासऱ्यांची फुलं, दुपारी सुविचार, संध्याकाळी कुणाच्या तरी हरवलेल्या मांजराचा फोटो. लोकांनी कंटाळून ग्रुप म्यूट केला, आणि गेल्या महिन्यात आलेला सुती छापील कापडाचा सगळा माल तसाच राहिला. इतकं देखणं कापड, पण कुणी फोटोच उघडला नाही.

"महिनाभर बघू," नवरा म्हणाला होता. "नाही जमलं तर गठ्ठे बंद. रेडिमेड कपडे ठेवू."

त्याला म्हणायला काय जातंय! रेडिमेडला कात्री लागत नाही, मीटरपट्टी लागत नाही आणि सूनबाईही लागत नाही. अकरा वर्षं सासऱ्यांच्या शेजारी उभी राहून ती कापड ओळखायला शिकली होती. डोळे मिटून, दोन बोटांत धरून सांगायची, यात सूत किती आणि भेसळ किती. ते सगळं पाण्यात जाणार होतं.

मग तिने ग्रुप बंद केला, चॅनेल काढलं आणि दुकानाच्या इन्स्टाग्रामवर कॅप्शन लिहायला बसली. तिचा मावसभाऊ फोनवरून सल्ले देत होता, "धमाका लिही, सरप्राइज लिही." ती म्हणाली, "धमाक्याला कंटाळूनच गेलीत माणसं." चार वेळा खोडून शेवटी लिहिलं ते असं:

"आमचं व्हॉट्सॅप चॅनेल सुरू झालंय. लिंक प्रोफाइलमध्ये आहे, इथली दाबून उघडत नाही. आत काय मिळेल ते आधीच सांगते. मंगळवारी आणि शुक्रवारी गठ्ठा उघडला की फोटो, प्रत्येक तुकड्याची लांबी, पन्हा आणि भाव. शनिवारी काय उरलं त्याची यादी, आणि पुढच्या आठवड्यात दुकान बंद असणार असेल तर तेही त्यातच. आठवड्याला तीनच मेसेज. फुलं नाहीत, सुविचार नाहीत. तुमचा नंबर इतर फॉलोअरना दिसत नाही. चॅनेलवर उत्तर लिहिता येत नाही, फक्त इमोजी देता येतो. तुकडा राखून ठेवायचा असेल तर दुकानाच्या नंबरवर फोन करा. आणि आत आलात की घंटा दाबा, नाहीतर मेसेज आलेला कळणारच नाही."

दोन दिवसांत चारशे माणसं आली. मंगळवारचा गठ्ठा दुपारच्या आत फस्त! सूनबाई आनंदाने मीटरपट्टी घेऊन नाचायची तेवढी बाकी राहिली होती.

आणि बुधवारी सकाळी चॅनेलवर एक गुलाब उगवला. दवबिंदूंसकट. 'शुभ सकाळ. आपला दिवस आनंदात जावो.'

गुरुवारी दोन गुलाब. आज शुक्रवार, अजून गठ्ठाही उघडला नव्हता आणि तीन झाले होते. तिने काढून टाकले तरी काय, ज्यांनी पाहायचे त्यांनी पाहिलेच होते.

"बाबांना ॲडमिन कुणी केलं?" तिने नवऱ्याला गाठलं.

तो गठ्ठ्याची दोरी सोडत होता. मान वर न करता म्हणाला, "मी. ग्रुप बंद झाल्यापासून तोंड उतरलं होतं गं त्यांचं. तुझा फोन इथेच होता, त्यावरून त्यांना आमंत्रण पाठवलं."

"आणि मला सांगायचं नाही?"

"सांगणारच होतो."

"कधी, शून्यावर आल्यावर? 'फुलं नाहीत' असं मी लिहून दिलंय! शब्द आहे तो माझा!"

ती तावातावाने आतल्या खोलीत गेली, चॅनेलमधली ॲडमिनची यादी उघडली आणि सासऱ्यांच्या नावावर बोट ठेवलं. 'काढून टाका' असं समोर आलं. एवढं दाबलं की झालं. पण बोट काही खाली येईना. ज्याने कात्री हातात दिली त्याला काढून टाकायचं? आणि नाही काढलं तर कात्री जाणार. तिला स्वतःचाच राग आला.

तेवढ्यात सासरे दारात. हातात फोन, चष्मा कपाळावर.

"सूनबाई, जरा बघतेस का? हा बिघडलाय बहुतेक."

"काय झालं, बाबा?"

"मी रोज सगळ्यांना शुभ सकाळ घालतो, पण कुणी उलट घालतच नाही. आधी वीस-पंचवीस जण घालायचे. ती गुडघेदुखीवाली, ते मास्तर, ती जुळ्यांची आई. तीन दिवस झाले, एक अक्षर नाही. पहिल्या दिवशी वाटलं, कामात असतील. म्हणून काल दोनदा घातलं. आज तीनदा." ते खुर्चीवर टेकले. "माझं काही चुकलं का गं? कुणाला मापात कमी गेलं का?"

तीन दिवस ती आकडे मोजत होती, आणि इकडे म्हातारा चाळीस वर्षांची गिऱ्हाइकं आपल्यावर रुसली म्हणून झुरत होता. अख्ख्या जगाला समजावून सांगितलं होतं तिने, घरातल्या माणसाला सोडून.

"बाबा, यात त्यांना बोलता येत नाही. आपण सांगायचं, त्यांनी वाचायचं. बस्स."

"बोलताच येत नाही?"

"नाही."

ते फोनकडे बघत राहिले. "मग मी कुणाशी बोलत होतो?"

मग त्यांनीच फोन पुढे केला. "काढ मला यातून. माणूस उलट बोलणार नसेल तर मला नाही जमायचं."

तिने त्यांना काढलं. मग काउंटरवर गेली, दुकानाचा फोन उचलून आणला आणि त्यांच्या मांडीवर ठेवला. "हा इथून पुढे तुमच्याकडे. मला माप घेताना उचलता येत नाही, निम्मे फोन सुटतात." आणि इन्स्टाग्रामवरचं कॅप्शन उघडून 'फोन करा'च्या पुढे एक ओळ घातली: 'फोनवर आमचे बाबा असतात, कापडाचं काहीही विचारा.'

मग गठ्ठा उघडला, फोटो काढले, लांबी, पन्हा, भाव लिहून मेसेज पाठवला. आकडा तीनशे ब्याण्णववर होता. तिने फोन पालथा ठेवला आणि लगेच पुन्हा उलटून पाहिला. तीनशे ब्याण्णवच.

दुकानाचा फोन वाजला. सासऱ्यांनी दचकून उचलला. पलीकडचा आवाज एवढा चढलेला की काउंटरपर्यंत ऐकू आलं, "अहो, तीनच मेसेज म्हणून सांगता आणि ही फुलं कसली पाठवता? बंद करा बघू आधी!"

सूनबाईने डोळे मिटून घेतले.

"बंद केली, बाई, आत्ताच केली," सासरे म्हणाले. "चूक माझीच." मग थांबले, कान टवकारले आणि चेहरा एकदम उजळला. "जुळ्यांची आई ना तुम्ही? आवाजावरून ओळखलं! अहो, किती दिवसांनी! पोरं केवढी झाली?"

पलीकडचा आवाज खाली आला, इतका की सूनबाईला पुढचं ऐकू येईना. सासरे मात्र खुर्चीत पाय वर घेऊन बसले होते आणि मान डोलवत होते. बऱ्याच वेळाने त्यांनी फोनवर हात ठेवून हाक मारली, "सूनबाई, तो निळा तुकडा यांच्यासाठी बाजूला ठेव. आणि जरा चहा टाक, आमचं अजून चाललंय."