अंगठ्यासाठी अडलेली मेथी

माझ्या लेकाला, अनिरुद्धला, हल्ली समोर माणूस उभा राहिलेला खपत नाही. भाजी निवडणारी हिरा दारात येऊन उभी, तर फोनवरची मान न उचलता म्हणाला, "फोटो टाक, बघतो." मेथीचे क्रेट होते चार पावलांवर. उठून बघायला पायाला मेंदी लावली होती काय?

मार्केट यार्डाच्या मागे आमचा भाजी निवडून, चिरून हॉटेलांना पोचवायचा धंदा. सुरुवातीला बायका सहा. क्रेट उघडला की अनिरुद्धला फोटो, फोनवर त्याचा होकाराचा अंगठा आला की सुरी चालवायची. तेव्हा ठीक होतं, फोटो जातोय तोवर अंगठा हजर. दिवाळीनंतर मोठी हॉटेलं मिळाली आणि बायका झाल्या पंचवीस. रिवाज मात्र तोच. सगळ्यांचे फोटो, सुट्ट्या, भांडणं, एकाच फोनवर. हा जेवतानाही डाव्या हाताने अंगठे दाखवतोय, आणि तिकडे बायका सुऱ्या खाली ठेवून बसल्यात.

मी बोलून बोलून त्याचे कान किटवले तेव्हा त्याने हिराला सुपरवायझर केलं. म्हणजे निळा एप्रन दिला. ठरवायचं काहीच नाही. बायकांनी हिराला विचारायचं, हिराने याला. आधी एका दारात ताटकळायचं, आता दोन.

त्या दिवशी मेथी ओली आली होती. हिराने फोटो टाकला, पण हा नव्या गिऱ्हाइकाबरोबर आत बसला.

"हिरा, काय बघतेस? पसरव, खराब काढून टाक," मी म्हणाले.

"काकू, मागे न विचारता पालक टाकला, तर दादा सगळ्यांसमोर बोलले. मला परत ऐकायचं नाही."

अंगठा आला तोवर क्रेटच्या पोटात हात घालवत नव्हता, एवढी मेथी तापलेली. मेथी पोचली नाही म्हणून हॉटेलचा फोन आला. उद्या असं झालं तर दुसरीकडून घेऊ.

अनिरुद्ध बाहेर येऊन हिरावरच उखडला. "तुला एवढं कळत नाही?"

हिराने एप्रन सोडून टेबलावर ठेवला.

"तो परत बांध," मी म्हणाले. "पालेभाजी तुझी. कांदा-बटाटा कुसुमचा, फळभाजी शर्मिलाची. माल ठेवायचा की टाकायचा, कोणाला सुट्टी द्यायची, ते तुम्ही तिघींनी ठरवायचं. चुकलं तर संध्याकाळी बोलू."

"आई, आणि मी काय करायचं?"

"गिऱ्हाईक सांभाळ, भाव ठरव. या तिघी अडल्या तरच तुझ्याकडे येतील, तेव्हा मान वर करून ऐक. पंचवीस बायकांची अक्कल खिशात घालून फिरतोस अनिरुद्ध, आणि स्वतःची वापरायला तुला सवड नाही. असल्या मालकापेक्षा बंद दार बरं, निदान त्याच्यासमोर कोणी थांबत नाही."