घरात प्लग एकच

मी एक जुना मोबाइल फोन आहे, मित्रांनो, आणि खरं सांगायचं तर आता मी फार दमलोय. माझ्या काचेचा एक कोपरा तडकलेला आहे. आवाज वाढवायचं बटण दाबलं तर कधी ऐकतं, कधी नाही. बॅटरीचं तर विचारूच नका. अर्धी भरलेली दाखवते आणि पुढच्या क्षणी डोळे मिटते. माझा मालक मला खिशातून काढताना आधी एकदा सुस्कारा सोडतो. त्याचा राग नाही मला. मीही सोडला असता, पण मला तशी सोय नाही.

मी कारखान्यात जन्मलो तेव्हा चकचकीत होतो, जसे सगळे असतात. ते दिवस तुम्हाला काय सांगायचे! डबा, पातळ कागद, काचेवर चिकटवलेलं प्लॅस्टिक. ते प्लॅस्टिक ओढून काढायचा मान कुणाचा, यावरून माझ्या घरातलं पहिलं भांडण झालं. एका बाजूला दादा, म्हणजे माझा मालक. दुसऱ्या बाजूला त्याची धाकटी बहीण. अभ्यास करताना ती सारखी तोंडातल्या तोंडात गुणगुणायची, म्हणून दादानं तिचं नाव भुंगी ठेवलं होतं. शेवटी दोघांनी एकेक टोक धरून ओढलं आणि मी जमिनीवर. तो कोपरा तेव्हाचा.

दोघांची खोली एकच होती, आणि त्या खोलीत प्लग एकच. सगळ्या महाभारताचं मूळ तेच. दादा कामावरून यायचा, माझा चार्जर लावायचा आणि आडवा व्हायचा. भुंगी तो उपटायची आणि तिथं आपला टेबलावरचा दिवा लावायची. दादा उठून दिवा काढायचा. ती पुन्हा चार्जर काढायची. "मोठी आली दगड वाचणारी!" दादा ओरडायचा, कारण ती भूगर्भशास्त्र शिकत होती आणि खिडकीत, कपाटावर, एकदा तर त्याच्या उशीखाली तिचे दगड सापडले होते. "तुझा फोन काय परीक्षा देणारे का?" ती उलट विचारायची. आईनं मध्ये पडणं केव्हाच सोडलं होतं. मी मात्र सकाळी अर्ध्या पोटी कामावर जायचो. एवढ्या वर्षांत मला पोटभर जेवण मिळालं असेल तर शपथ!

दादा एका मोठ्या इस्पितळाच्या धुलाईखान्यात आहे. चादरी, उशांचे अभ्रे, ऑपरेशनचे हिरवे गाऊन, सगळं ढिगानं येतं. मोठ्या यंत्रातून ओलं निघतं, पिळून निघतं आणि मग गरम रोलरमधून सपाट होऊन येतं. तिथं वाफ इतकी की माझी काच सारखी धुरकटते. काम चालू असताना फोन खिशात ठेवायची परवानगी नाही. मी दाराजवळच्या फळीवर पडून असतो. दादा मला फक्त सुट्टीत हातात घेतो, तेही बोटं सुरकुतलेली असताना. मग मला त्याचं बोट ओळखता येत नाही. तो चिडतो. मी काय करू?

तर मित्रांनो, भुंगीचा पदवीदानाचा दिवस आला. कॉलेजनं प्रत्येक मुलामागे घरच्या दोघांनाच आत सोडायचं ठरवलं होतं. आई आणि बाबा जाणार, हे न बोलताच ठरलं. दादा म्हणाला, "बरंच झालं, मला सुट्टी मिळाली नसतीच." पण आदल्या दिवशी रजेचा अर्ज त्यानं कसा घडी करून खिशात परत ठेवला, ते मला माहीत होतं. मीही त्याच खिशात होतो.

निघताना भुंगी दारात थांबली. "दादा, सगळ्यांचे भाऊ फोटो टाकतात, खाली काहीतरी लिहितात. तू लिहिशील ना?"

"लिहीन की."

"तुझं लिही. उचललेलं नको. आणि तो नाक गळणारा लहानपणीचा फोटो टाकलास तर याद राख!"

दादा हसला. पण माझ्यावरची त्याची पकड घट्ट झाली. त्याला तिथं हजर राहता येणार नव्हतं. आता जे काही पोचायचं, ते त्या चार ओळींतूनच पोचणार होतं.

चहाच्या सुट्टीत तो चादरींच्या गठ्ठ्यावर बसला आणि लिहायला लागला. आधी लिहिलं, 'लाडक्या बहिणीस यशाच्या शिखरावर पोचल्याबद्दल हार्दिक शुभेच्छा, तू आमच्या कुळाचा अभिमान आहेस.' मग इस्त्रीच्या टेबलावर काम करणाऱ्या मावशींना दाखवलं. मावशी म्हणजे तिथल्या सगळ्यात जुन्या. इस्त्री फिरवता फिरवता त्यांनी मान तिरकी करून वाचलं.

"हे माझ्या बहिणीलाही चालेल की रे," त्या म्हणाल्या. "आणि ती तर दहावी नापास."

दादानं सगळं खोडलं. मग त्याला सूर सापडला असं वाटलं. भांडणांची यादीच केली त्यानं. उशीखालचा दगड, दंडावर घेतलेला चावा, लपवलेली चप्पल, न बोलता काढलेला आठवडा. हसत हसत लिहीत होता. सगळ्यात खाली, शेवटी शेवटी, 'तरीपण मला तुझा फार अभिमान आहे' असं लिहिलं. पुन्हा मावशींसमोर धरलं.

फोटोखाली लिहिलेलं सगळं दिसत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहेच. पहिल्या एकदोन ओळी दिसतात, मग तीन टिंबं आणि 'आणखी'. टाकल्यावर दिसेल तेवढंच मी मावशींना दाखवलं. 'ही मुलगी चावते. पुरावा माझ्या दंडावर आहे…'

"हे काय अभिनंदन झालं? पोरीच्या मैत्रिणी वाचतील, मास्तर वाचतील," मावशी म्हणाल्या.

"अहो, अभिमानाचं खाली आहे. 'आणखी'वर बोट लावलं की उघडतं."

"मी नाही लावणार बाबा. तुझी आई लावेल?"

आईला फोटो मोठा करता येत नाही, तिथं 'आणखी' कुठून उघडणार! म्हणजे गंमत आणि कौतुक, दोन्ही पहिल्याच ओळीत बसवायला हवं होतं. चहा निवून गेला. घंटा झाली आणि मी पुन्हा फळीवर.

जेवणाच्या सुट्टीपर्यंत बाबांचे फोटो येऊन पडले. पहिल्यात बाबांचा अंगठा. दुसऱ्यात समोरच्याचं टक्कल. तिसऱ्यात मात्र भुंगी होती, काळ्या गाऊनमध्ये, हातात पदवीची गुंडाळी, ओठ घट्ट मिटलेले. रडू आवरताना ती तसेच मिटते. दादानं दोन बोटांनी फोटो मोठा केला. मग बारीक आवाजात म्हणाला, "अगं, गाऊनला इस्त्री तरी करायची. मला दिला असतास तर!"

त्यानं फोटोची कड छाटून अंगठ्याचा उरलेला तुकडा घालवला आणि लिहायला घेतलं. ओळ लिही, खोड. पुन्हा लिही. आणि मित्रांनो, काय सांगू, नेमका तेव्हाच माझा जीव गेला. अर्धी बॅटरी दाखवत दाखवत मी काळाठिक्कर पडलो. लिहिलेलं सगळं गेलं.

"आता कसं करू? ती बाहेर येऊन बघणार! सगळ्यांचं दिसेल, माझंच नसेल," दादाचा आवाज चिरकला. धुलाईखान्यातले बाकीचे प्लग यंत्रांचे, त्यांना हात लावायची सोय नाही. मोकळा म्हणावा असा एकच, मावशींच्या टेबलामागचा. त्यात त्यांचा छोटा पंखा. मावशींनी पंख्याची पिन उपटली आणि हात पुढे केला.

"आण इकडे चार्जर."

"मावशी, अहो, या उकाड्यात?"

"मरत नाही मी. लाव."

पंख्याची पाती हळूहळू थांबली. मावशींनी बाहीनं कपाळ पुसलं आणि पुन्हा इस्त्री उचलली. मी जागा झालो तेव्हा दादा माझ्याकडे बघतच नव्हता. तो त्या प्लगकडे बघत होता. खाली लोंबणारी पंख्याची पिन, आत खोचलेला माझा चार्जर.

मग त्यानं माझ्या पोटातल्या जुन्या फोटोंमध्ये शोधायला सुरुवात केली. खूप मागे गेला. तिथं त्यानं कधीतरी भांडणात काढलेला एक फोटो होता. भिंतीवरचा प्लग, त्यात दिव्याची वायर, जमिनीवर फेकलेला चार्जर आणि कडेला भुंगीचा पाय. खाली आईला पाठवलेली तक्रार. 'बघ, परत काढला!' नाक गळणारा चेहरा नव्हता त्यात. नुसता पाय. चालण्यासारखं होतं.

आजचा फोटो पहिला ठेवला, पायाचा दुसरा. भुंगीच्या नावाची खूण जोडली, म्हणजे तिला कळेल. आणि लिहिलं:

'घरात प्लग एकच. माझा चार्जर काढून हिनं रोज आपला दिवा लावला, आणि आज कळलं ती वीज कुठं गेली. भुंगे, भांडण तू जिंकलीस. मी हरलो याचा मला जाम आनंद आहे.'

मावशींना दाखवलं. 'आणखी'च्या आधी पहिलं वाक्य आणि वीज कुठं गेली तेवढं दिसत होतं. वाचून झाल्यावर त्यांनी इस्त्री उभी करून ठेवली आणि नाक ओढलं.

"टाक," त्या म्हणाल्या.

त्यानं टाकलं. मग पंख्याची पिन पुन्हा लावली आणि मला फळीवर ठेवून गेला. दुपारभर माझ्यावर फुलं, टाळ्या, लाल बदाम येत राहिले. आत्यानं लिहिलं, बाबांच्या मित्रांनी लिहिलं, शाळेतल्या कुणीतरी 'आमच्याही घरी एकच होता' असं लिहिलं. भुंगीचं मात्र काही नाही. दादा काहीतरी निमित्त काढून फळीपाशी यायचा, बघायचा आणि जायचा. "गाऊनला खिसा नसतो," मावशी लांबूनच म्हणाल्या. "तिचा फोन तुझ्या आईच्या पिशवीत असेल." दादानं मान हलवली. पण त्याला वाईट वाटत होतं. मलाही वाटत होतं. हरल्याची गंमत तिला आवडली नसेल तर?

संध्याकाळी तो घरी आला, पाय ओढत. मला टेबलावर टाकलं आणि पलंगावर पडला. प्लगमध्ये नेहमीसारखा दिवा होता, त्यानं त्याला हातही लावला नाही. थोड्या वेळानं दाराशी चपला वाजल्या. आई-बाबा बोलत बोलत आत गेले आणि भुंगी खोलीत आली. गाऊन हातावर, चुरगळलेला. ती सरळ टेबलापाशी गेली. वाकली. तिनं दिव्याची पिन काढली, माझा चार्जर शोधला, तिथं खोचला आणि मला लावलं.

"माझं झालं, दादा," ती म्हणाली. "आता तू लाव."

दादा उठून बसला. हात पुढे करून म्हणाला, "गाऊन दे इकडे. कसला चुरगळलाय!" आणि दोघंही एकदमच रडायला लागली.

त्या दिवशी मी पोटभर जेवलो, मित्रांनो. बॅटरी थकलेलीच आहे, उद्या पुन्हा दगा देईन. लवकरच दादा नवा फोन घेईल आणि मी कुठल्यातरी खणात जाईन. जाऊ दे. तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. घरातल्या कुणी तुमच्यासाठी आपली पिन काढली असेल, तर ते त्यांना सांगा. चार ओळींत सांगा, भांडत सांगा, पण वरच्या ओळीत सांगा. आणि तुमच्या जुन्या फोनला आज एकदा पूर्ण भरू द्या. आम्हीही दमतो.