नमस्काराआधीचा प्रश्न

परिषदेत बीजभाषण करायचं निमंत्रण आलं तेव्हा थोरलीने ते दोनदा वाचलं आणि धाकटीला फोन लावला. थोरली श्रवणतज्ज्ञ, लोकांचे कान तपासायचे, श्रवणयंत्रं बसवायची, हे तिचं काम. धाकटी लोकांना भाषण करायला शिकवते, बँकेच्या साहेबांपासून निरोपसमारंभात दोन शब्द बोलायची वेळ आलेल्या कारकुनांपर्यंत. आजवर दोघी बहिणींनी एकमेकींच्या कामाला फारसा भाव दिला नव्हता.

संध्याकाळी शेवटचा पेशंट गेल्यावर धाकटी क्लिनिकवर आली. बाहेर रस्ता खोदत होते, म्हणून दोघी कान तपासायच्या खोलीत जाऊन बसल्या. जाड दार लावलं की त्या खोलीत आपलाच श्वास ऐकू यायचा.

"वाच," धाकटी म्हणाली.

थोरलीने वाचायला घेतलं. "सन्माननीय अध्यक्ष आणि माझे गुरू, व्यासपीठावरचे मान्यवर, आयोजन समितीचे सर्व सदस्य, आपण मला ही संधी दिलीत त्याबद्दल…"

"थांब. पहिलं मिनिट गेलं. त्या मिनिटात सगळे तुझ्याकडेच बघत असतात. नंतर एकेक जण मोबाइल काढतो. आणि तेच मिनिट तू आभारात घालवतेयस."

"आधी मान द्यायला नको? अध्यक्ष म्हणून सरच समोर बसणार आहेत. मी जे काही शिकले ते त्यांच्या हाताखाली."

"घे की त्यांचं नाव. दोन मिनिटांनी घे. आधी प्रश्न विचार. असा, की हात वर करून उत्तर देता येईल. विचारलास की तुझा हात वर कर, नाहीतर लोकांना वाटतं ओघात म्हणालीस. मग गप्प राहा. नकोशी वाटेल इतकी गप्प राहा. आणि हात कितीही वर आले, तरी त्यावर बोलायला तुझ्याकडे वाक्य तयार हवं."

थोरलीचं भाषण होतं कमी ऐकू येणं लपवणाऱ्या माणसांवर. दोघींनी मिळून प्रश्न घडवला: 'नीट ऐकू आलं नाही, तरी गेल्या आठवड्यात कुणी नुसतीच मान डोलावली?' धाकटीला तो थोडा लांब वाटला, पण थोरलीचा त्यावर जीव जडला होता. जगभरच्यांचे कान तपासणारी ही मंडळी स्वतःच्या कानांबद्दल खरं बोलतील का, हे तिला मनापासून बघायचं होतं.

परिषदेचं सभागृह मोठं होतं आणि छत उंच. जेवणानंतरचं सत्र. लोक अजून आपापल्या जागा शोधत होते, खुर्च्यांचे पाय फरशीवर घासत होते. पहिल्या रांगेत सर बसले होते, हात मांडीवर, मान ताठ. निवेदिकेने थोरलीची ओळख करून दिली, टाळ्या वाजल्या. धाकटी मागे साउंडवाल्याच्या टेबलापाशी उभी राहिली.

थोरली माइकपाशी आली. नमस्कार ओठांवर आला होता, तो तिने गिळला आणि थेट विचारलं, "नीट ऐकू आलं नाही, तरी गेल्या आठवड्यात कुणी नुसतीच मान डोलावली?"

आणि हात वर केला. आणि गप्प राहिली.

टाळ्या थांबून खुर्च्या पुन्हा घासू लागल्या, त्या आवाजात प्रश्नाचं शेपूट बुडालं. लोकांच्या कानी पडलं ते 'नीट ऐकू आलं नाही'. मागून कुणीतरी म्हणालं, "येतंय, येतंय." डावीकडून दुसरं कुणी म्हणालं, "इकडे कमी आहे." साउंडवाल्याला वर केलेला हात दिसला. आवाज वाढवायला सांगताहेत असं समजून त्याने आवाज वाढवला. माइकने कर्कश शीळ घातली. धाकटीने पटकन त्याचा हात धरला.

सभागृहात हात वर येऊ लागले. पण कोणते हात प्रश्नाचे आणि कोणते माइकचे, थोरलीला काही कळेना. काहींनी अंगठे दाखवले. एका बाईंनी हात वर केला, आजूबाजूला पाहिलं आणि खाली घेतला. आणि पहिल्या रांगेत सर तिच्याकडे बघून प्रसन्न हसत होते आणि सावकाश, समजल्यासारखी मान डोलावत होते.

तयार ठेवलेलं वाक्य थोरलीला आठवलंच नाही. ती सरांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "नमस्कार," आणि सभागृह हसलं. का हसलं तेही तिला उमगलं नाही. पुढचं भाषण तिने कागदावर बघत पूर्ण केलं. सरांचे आभार मध्येच कुठेतरी मानले.

चहाच्या वेळी एक तरुण श्रवणतज्ज्ञ तिच्यापाशी आली. "मॅडम, सुरुवात मुद्दाम तशी केलीत ना? सगळ्या सभागृहाला न ऐकताच हो म्हणायला लावलंत."

"हो," थोरली म्हणाली. "म्हणजे, नाही."

तरुणी हसली आणि निघून गेली. समितीचे सचिव आले, म्हणाले भाषण उत्तम, फक्त अध्यक्षांचा उल्लेख आधी हवा होता, काही जणांना खटकलं. धाकटी दोन कप घेऊन आली.

"फसलं की जमलं?" थोरलीने विचारलं.

"मलाच कळत नाहीये," धाकटी म्हणाली. "निदान हातांचा अर्थ आधी सांगायला हवा होता. आणि प्रश्न लांब झाला. पण तरी… कुणी मोबाइल काढला नाही."

सर खिडकीजवळ खुर्ची ओढून बसले होते. थोरली समोर जाऊन बसली, त्यांना तिचा चेहरा दिसेल अशी.

"सुरुवातीला माइकचं विचारलंस ना?" सर म्हणाले. "मी मान डोलावली, म्हटलं तू पुढे जाशील."

"माइकचं नव्हतं, सर." तिने प्रश्न पुन्हा सांगितला, शब्द सुटे करून.

सर हसले नाहीत. कपाच्या कडेवरून बोट फिरवत राहिले. "म्हणजे उत्तर मी देऊन बसलो."

थोरलीने खुर्ची आणखी पुढे ओढली.

"लोक नमस्कार करतात, मान्यवरांची नावं घेतात, तेवढ्यात मला त्यांचा आवाज सापडतो," ते म्हणाले. "मग पुढचं कळतं. आज तू तेवढी सवडच दिली नाहीस, बाळ."

थोरलीला आधी वाईट वाटलं, मग राग आला, आणि तो सरांवर होता की धाकटीवर की स्वतःवर, ते समजेना. तिला आठवलं, मागे संशोधनाचा विषय तिने त्यांना फोनवर सांगितला होता. सर म्हणाले होते, "वा, पुढे जा." त्या शब्दांच्या भरवशावर तिने कैक वर्षं घातली होती. त्यांनी तो विषय ऐकला होता का? विचारावं की नाही? तिने विचारलं नाही.

"सोमवारी क्लिनिकवर याल?" ती म्हणाली.

"तू तपासणार?"

"तुम्हाला चालत असेल तर. नाहीतर माझी सहकारी आहे."

"तूच तपास," सर म्हणाले. मग लगेच, "नाही, तिलाच सांग." आणि शेवटी, "बघू."

सोमवारी ते आले आणि सरळ थोरलीच्याच खोलीत जाऊन बसले. तिने त्यांच्या कानांवर हेडफोन ठेवले, आवाज आला की दाबायचं बटण हातात दिलं, आणि दार ओढून घेणार तेवढ्यात त्यांनी एक हेडफोन बाजूला केला.

"ऐकू आलंय असं नुसतं वाटलं, तर?"

"तरी दाबायचं, सर. तुम्हीच शिकवलंय."

"शिकवताना सोपं होतं," सर म्हणाले आणि हेडफोन पुन्हा नीट बसवला.